आपला पेपर आपणच काढावा

परीक्षेचे वेळापत्रक सूचना-फलकावर लागले की महाविद्यालयाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात ‘संभाव्य प्रश्नसंच’ येतात आणि दोन दिवसांत संपतात. ते कोणी काढले, कशावरून काढले, हे कोणी विचारीत नाही. त्या संचातल्या प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत आहेत की नाहीत, हे संच विकत घेतल्यावर कळते आणि नसली तर तीही संचातच छापलेली असतात. म्हणजे वर्षभर वर्गात बसून जी वही भरली, तिचा परीक्षेशी संबंध शेवटच्या पंधरवड्यात तुटतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. सरावाचा पेपर विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीतूनच काढावा, आणि तो मनाला येईल तसा न काढता खऱ्या पेपरच्या गुणविभागणीला तंतोतंत धरून काढावा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतणीने असा पेपर काढला आणि त्यात मीही गुंतलो, त्याची ही हकीकत आहे.

मी मूळचा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्याचा. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या गाडीने हट्टा रोडला उतरायचे. गावाची ओळख सांगायची तर गोंडकालीन बावलीने सांगतात. आमच्या घरात मराठी, शेजारात पोवारी आणि शाळेत हिंदी, असा तिहेरी कारभार आहे. पुतणी बारावीला कला शाखेत, माध्यम अर्थातच हिंदी. मी पोहोचलो तेव्हा धानकापणी चालली होती आणि ही मुलगी पडवीत इतिहासाची वही घेऊन बसली होती. वही सुरेख. शीर्षके लाल शाईने, अक्षर मोत्यासारखे. मी म्हटले, “अभ्यास झालेला दिसतो.” ती म्हणाली, “काका, सगळं वाचून झालं. पण पेपरमध्ये काय होईल ते काही सांगता येत नाही.”

तिच्या मंडळाच्या, म्हणजे भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या, ८० गुणांच्या पेपरचा आराखडा छापील मिळतो. मुले त्याला ‘ब्लू प्रिंट’ म्हणतात. पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या घटकाला किती गुण आणि ते कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत वाटले आहेत, याचे ते कोष्टक असते. तिच्याकडे असलेल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या पाच प्रश्नांत मिळून ३२ वस्तुनिष्ठ उपप्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे : योग्य पर्याय, रिकाम्या जागा, जोड्या, एका वाक्यात उत्तर, सत्य-असत्य. पुढे दोन गुणांचे दहा प्रश्न, तीन गुणांचे चार आणि चार गुणांचे चार. बेरीज करा : ३२ अधिक २० अधिक १२ अधिक १६, बरोबर ८०. वेळ तीन तास. शब्दमर्यादाही दिलेली : दोन गुणांना ३०, तिनाला ७५, चाराला १२० शब्द. वस्तुनिष्ठ सोडून प्रत्येक प्रश्नाला ‘अथवा’ आहे.

हा कागद तिच्याकडे होता, वहीच्या मागच्या खिशात घडी घालून ठेवलेला. बहुतेक विद्यार्थी त्याचा उपयोग एवढाच करतात, की कोणत्या घटकाला कमी गुण आहेत ते पाहून तो सोडून देतात. आम्ही तो पुढ्यात घेतला आणि एका आखीव कागदावर चौकट काढली. डाव्या बाजूस घटकांची नावे एकाखाली एक, वर चार रकाने : एक गुण, दोन, तीन, चार. प्रत्येक घरात त्या घटकातून त्या प्रकारचे किती प्रश्न यायचे तो आकडा मंडळाच्या आराखड्यावरून उतरवला. मग आडव्या ओळींतील गुणांची बेरीज घटकाच्या गुणांशी आणि उभ्या रकान्यांतील प्रश्नांची बेरीज ३२, १०, ४, ४ यांच्याशी जुळते की नाही ते पाहिले. एका ठिकाणी जुळले नाही. आम्ही एक आकडा चुकीच्या ओळीत लिहिला होता. ही बेरीज सोडू नये, कारण इथली चूक पुढे साऱ्या पेपरला वाकडे करते.

चौकट रिकामी असेपर्यंत सारे सोपे वाटते. ती भरायला घेतली तेव्हा खरी गंमत झाली. विजयनगरचे प्रकरण उदाहरणाला घेतो, कारण हंपी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेली असते. समजा, या घटकाला ९ गुण आहेत : चार वस्तुनिष्ठ, एक दोन गुणांचा, एक तीन गुणांचा. (प्रत्यक्ष आकडा ज्याने त्याने आपल्या वर्षाच्या आराखड्यावरून घ्यावा.) पुतणीच्या वहीत या प्रकरणाची अकरा पाने होती आणि त्यांतील जवळजवळ सारा मजकूर लांब उत्तरांचा होता : विजयनगरचे वैभव, नायक पद्धती, राज्याचा ऱ्हास. लांब उत्तराला या घटकात जागाच नव्हती! उलट चार वस्तुनिष्ठ प्रश्न काढायला बसली तर दोनानंतर ती अडली. १३३६ हे स्थापनेचे साल सापडले, १५६५ ची लढाई सापडली. कॉलिन मॅकेन्झीने हंपीच्या अवशेषांचा पहिला नकाशा १८०० साली तयार केला, हे वहीत नव्हतेच. परदेशी प्रवाशांची नावे एका ओळीत होती, पण कोण कुठला ते लिहिलेले नव्हते. हरिहर आणि बुक्क यांची नावे होती, घराण्यांचा क्रम नव्हता.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. वहीत काय आहे ते वाचून कळत नाही, कारण वाचताना जे आहे तेच डोळ्यांपुढे येते. जे नाही ते कळायला बाहेरून आकार द्यावा लागतो. तो आकार गुणांच्या चौकटीने दिला. तिच्या पेपरात शंभरातले चाळीस गुण सुट्या तपशिलांना होते आणि तिच्या वहीत सुटे तपशील परिच्छेदांच्या पोटात दडलेले होते. चार घरे भरायला तिला एक संध्याकाळ लागली, पण त्या संध्याकाळी ती पाठ्यपुस्तकाकडे पुन्हा गेली आणि यावेळी काय हवे ते ठाऊक असल्याने नेमके तेच घेऊन आली.

पर्यायांचा प्रश्न काढणे सर्वांत अवघड, असे आमच्या ध्यानात आले. योग्य उत्तर एक, पण चुकीची तीन उत्तरे कुठून आणायची? पहिल्यांदा तिने विजयनगरच्या स्थापनेसाठी १३३६, १७५७, १८५७ आणि १९४७ असे पर्याय दिले. असला प्रश्न न वाचताही सुटतो. चुकीचे पर्यायही त्याच प्रकरणातून यावेत आणि आपण स्वतः ज्यांत गोंधळतो तेच असावेत : १३३६, कृष्णदेवरायाच्या राज्यारोहणाचे १५०९, लढाईचे १५६५. जोड्यांसाठी प्रवासी चांगले सापडले. अब्दुर रज्जाक इराणचा, निकोलो कोन्ती इटलीचा, डोमिंगो पाइश पोर्तुगालचा, अफनासी निकितिन रशियाचा. या चौघांना वेगळे करून लिहिल्यावरच ते तिच्या डोक्यात वेगळे झाले.

‘अथवा’कडे लोक दुर्लक्ष करतात. सरावाच्या पेपरात पर्यायी प्रश्न कशाला, दुप्पट कष्ट, असे तीही म्हणाली. हिशेब खरा आहे. अठरा वर्णनात्मक प्रश्नांना अठरा पर्यायी म्हणजे छत्तीस, आणि ३२ वस्तुनिष्ठ, एकूण ६८ प्रश्न काढावे लागतात. पण पर्यायी प्रश्न त्याच घटकातून आणि त्याच वजनाचा हवा, आणि इथेच वही उघडी पडते. विजयनगरच्या तीन गुणांच्या घरात तिने पाणीपुरवठ्याचा प्रश्न सहज घातला. अथवा म्हणून तटबंदीचा प्रश्न घालायचा तर वहीत ‘भव्य तटबंदी होती’ एवढेच. अब्दुर रज्जाकाने तटाच्या सात रांगा पाहिल्या, तटाच्या आत शेतेही घेतलेली होती, बांधकामात चुना-माती न वापरता पाचरीसारखे दगड एकमेकांत बसवले होते, हे तीन मुद्दे पुस्तकातून आणावे लागले. एका घटकातून एकाच वजनाचे दोन प्रश्न निघत नसतील तर तो घटक तयार नाही असे खुशाल समजावे. शिवाय परीक्षेत दोहोंतून एक निवडायलाही मिनिट-दीड मिनिट जाते. अठरा वेळा ते जाते. पर्याय नसलेला सराव हा वेळ कधी मोजतच नाही.

प्रश्नाबरोबरच त्याच्या गुणांचा तुकडा पाडून ठेवायचा, हा आमचा दुसरा नियम होता. पाणीपुरवठ्याला तीन गुण, तर तीन मुद्दे, एकेकाला एक गुण : तुंगभद्रेच्या खोऱ्यात ओढ्यांना बांध घालून केलेले तलाव, कमलापुरमचा तलाव, ज्याचे पाणी शेतीला आणि कालव्याने राजवाड्याच्या भागाला जाई, आणि तुंगभद्रेवरील बांधापासून काढलेला हिरिया कालवा. हे पेपर सोडवण्याआधी लिहून ठेवावे. सोडवल्यानंतर लिहिले तर आपण आपल्या उत्तराला शोभेल अशीच गुणपद्धती लिहितो. मनुष्यस्वभावच तो.

दोन संध्याकाळी पेपर तयार झाला, आणि मग मोठी अडचण उभी राहिली. ज्याने पेपर काढला त्यालाच तो सोडवायचा, तर त्यात परीक्षा कसली? यावर आमचा उपाय साधा होता. चौकटीतल्या प्रत्येक घरासाठी लागतील त्याहून दुप्पट-तिप्पट प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायचे, घराघराची वेगळी पाकिटे करायची, आणि चिठ्ठ्या दुसऱ्या कोणी उचलायच्या. आमच्याकडे हे काम माझ्या आईने केले. तिला प्रश्नांशी कर्तव्य नव्हते. पाकिटावरचा आकडा पाहून तेवढ्या चिठ्ठ्या ती काढी आणि पिठाच्या डब्यात लपवून ठेवी. मध्ये आठ दिवस त्या विषयाला हात लावायचा नाही असे ठरले. आठ दिवसांनी कोणते प्रश्न निघाले असतील याचा अदमास पुतणीला राहिला नव्हता. पाठ होते ते राहिले, केवळ ओळखीचे होते ते गेले.

सकाळी नऊ ते बारा तिने पेपर सोडवला. घड्याळ समोर, वही आजीच्या ताब्यात. मी तिला एकच काम जास्तीचे दिले होते : प्रत्येक गट संपला की समासात वेळ लिहायची. बारा वाजले तेव्हा चार गुणांचा शेवटचा प्रश्न अर्धा आणि त्याआधीचा त्रोटक राहिला होता. ती रडकुंडीला आली. “वेळच पुरत नाही, काका.” मी समासातल्या वेळा पाहिल्या. वस्तुनिष्ठ ३२ प्रश्नांना ३४ मिनिटे. दोन गुणांच्या दहा प्रश्नांना तब्बल ७५ मिनिटे! ‘अमरनायक पद्धती म्हणजे काय?’ या दोन गुणांच्या प्रश्नाला तिने दीड पान लिहिले होते, कारण वहीत ते दीड पान होते. मागितले होते तीस शब्द. रायाने लष्करी नायकांना कारभारासाठी प्रदेश दिले; नायक कर गोळा करीत, त्यातून घोडे-हत्तींचे सैन्य पोशीत आणि रायाला दरवर्षी खंडणी देत. संपले. दोन गुण एवढ्यातच आहेत, पुढच्या पानभर मजकुराला एकही नाही.

वेळ पुरत नाही ही तक्रार आपण सारेच करतो, म्हणून इथे थोडा हिशेब करू. शब्दमर्यादा पाळली तर या पेपरात एकूण लिहायचे किती? दोन गुणांचे दहा प्रश्न तीस शब्दांचे म्हणजे ३००, तीन गुणांचे चार ७५ शब्दांचे म्हणजे आणखी ३००, चार गुणांचे चार १२० शब्दांचे म्हणजे ४८०. एकूण १०८० शब्द, तीन तासांत. कोणाचाही हात इतका संथ नसतो. म्हणजे तिचा दोष हाताच्या गतीत नसून थांबण्यात होता. याच्या शेजारी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा पेपर ठेवा. २५० गुण, वीस प्रश्न, त्यांतले दहा १० गुणांचे १५० शब्दांत आणि दहा १५ गुणांचे २५० शब्दांत. वेळ तेवढीच, तीन तास. शब्द मात्र चार हजार. मिनिटाला बावीस शब्द, आणि विचार करायचा वेळ त्यातूनच काढायचा. तिथे हाताची गती खरोखर अडवते. तेव्हा घड्याळ लावून सराव करा, हा सर्वसाधारण उपदेश निरुपयोगी आहे. घड्याळ कशासाठी लावायचे हे गुण आणि शब्द यांच्या भागाकारावरून आधी काढावे लागते. आपल्या विद्यापीठाच्या पेपरचा हा भागाकार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

दुसऱ्या खेपेस आम्ही वेळ अशी वाटली : वस्तुनिष्ठांना ३० मिनिटे, दोन गुणांच्या प्रत्येकास ४, तीन गुणांच्या प्रत्येकास ८, चार गुणांच्या प्रत्येकास १२. ही बेरीज १५० मिनिटे होते. उरलेली तीस मिनिटे वाचायला, ‘अथवा’ निवडायला आणि शेवटी फिरून पाहायला. १८० मिनिटांना ८० ने भागून गुणाला सव्वादोन मिनिटे असे सरळ वाटप करू नये, कारण एका गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नाला सव्वादोन मिनिटे लागत नाहीत. तिथे वाचलेला वेळच लांब उत्तरांच्या कामी येतो.

तपासणीचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. पुतणीने स्वतः तपासून ८० पैकी ६१ दिले. शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी तीच उत्तरपत्रिका आमच्या मुद्द्यांच्या कागदावरून तपासली तर ५२ झाले. फरक बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने पडला होता. मनात होते पण कागदावर उतरले नव्हते, ते तिने स्वतः वाचून घेतले होते. काही गुण भाषेनेही खाल्ले. वहीत घरच्या मराठीचे शब्द मिसळलेले होते, आणि उत्तरात हिंदी प्रतिशब्द न आठवून ती दोन ठिकाणी अडखळली. सीमाभागातल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे निराळे सांगायला नको.

आता या पद्धतीची मर्यादा, जी मला त्या शिक्षकांमुळे कळली. स्वतःच्या वहीतून काढलेला पेपर वहीपलीकडे जात नाही, आणि वहीतली चूक तो बरोबर धरतो. पुतणीच्या वहीत १५६५ च्या लढाईत विजयनगरचे नेतृत्व कृष्णदेवरायाने केले, असे लिहिले होते. तोच प्रश्न तिने काढला, तेच उत्तर लिहिले, तेच मुद्द्यांच्या कागदावर होते, आणि तिने स्वतःला पूर्ण गुण दिले. मीही ते वाचून पुढे गेलो होतो, हे कबूल करतो! कृष्णदेवराय १५२९ मध्येच वारला. १५६५ मध्ये सूत्रे रामरायाच्या हाती होती. तेव्हापासून आम्ही नियम केला की चिठ्ठी पाकिटात जाण्यापूर्वी तिच्या मागे पाठ्यपुस्तकाचा पृष्ठांक लिहायचा. पृष्ठांक सापडत नसेल तर चिठ्ठी बाद. आणि मंडळाच्या मागील वर्षांचा एक पेपर अगदी शेवटी, आपले सारे पेपर झाल्यावर, सोडवायचा. आपली चौकट खऱ्या पेपरहून कुठे सोपी झाली ते तो दाखवतो. तिचे सत्य-असत्य प्रश्न फार सरळ होते, असे त्यातून दिसले.

आम्हा प्राध्यापकांनाही यात एक गाऱ्हाणे ऐकावे लागेल. आपण वर्गात टिपणे घ्यायला सांगतो, कधी वह्या तपासतोही. पण विषयाची गुणविभागणी विद्यार्थ्यांच्या हातात बहुधा परीक्षेच्या तोंडावर पडते. ती जूनमध्ये दिली तर वही त्या आकाराने लिहिली जाईल. काही सहकारी म्हणतील की याने परीक्षार्थीपणा वाढेल आणि विषयाची गोडी जाईल. मला ही भीती पूर्णपणे खोटी वाटत नाही. चौकटीत न बसणारे पुष्कळ काही विजयनगरात आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. पण ज्या मुलीने मॅकेन्झीचा नकाशा एका गुणासाठी शोधला, तिनेच नंतर मला विचारले की त्याच्याआधी हंपीचे काय चालले होते. तो प्रश्न कोणत्याही रकान्यातला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी भूगोलाची चौकट आखायला घेतली होती. नकाशाच्या प्रश्नांना चिठ्ठ्या कशा करायच्या यावर आमचे अडले आहे. आईने मात्र पुढच्या खेपेस पिठाचा डबा देणार नाही असे सांगितले आहे. गेल्या वेळी सत्य-असत्यची एक चिठ्ठी भाकरीत निघाली.